पडद्याआडच्या जफरला

जफर आर्णीच्या मशिदीत इतिकाफला बसला, तेव्हा फोन घरीच ठेवून गेला. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्यातून एकाने तरी बसावं लागतं. यंदा तो एकटाच होता. कोपऱ्यात पडदा, त्यामागे तो, त्याचे रोजे आणि कुराण. वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, नि संडासापुरतं उठायचं. बाकी कशासाठी, अगदी आजाऱ्याला बघायलाही बाहेर पडलं, की इतिकाफ तुटला.

त्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान. एरवी एकमेकांची खेचल्याशिवाय आमच्या घशाखाली चहा उतरत नाही. पण इफ्तारचा डबा पोचवताना मी त्यात चिठ्ठी ठेवायचो, तीत चेष्टा नसायची. ‘गिऱ्हाईक सांभाळतो. तू निवांत बैस. आमच्या तांड्यासाठीही दुआ माग.’

ईद तोंडावर आली आणि दुपारी त्याच्या बायकोने, शगुफ्ताभाभीने, मला बोलावलं. जफरची आई जमिलाचाची खाटेवर होती. छातीत घरघर. डॉक्टर येऊन औषध न लिहिताच गेले होते.

“भारतभाऊ, चिठ्ठीत सगळं ठीक लिहा,” भाभी म्हणाली. “अम्मीनं शपथ घातली. इतिकाफ तुटला तर साऱ्या मोहल्ल्यावर बोझा येते म्हणते.”

दुसऱ्याच्या धर्मात मी बंजाऱ्याच्या पोरानं काय बोलावं? बाहेरच्या खोलीत बसून ‘सगळं ठीक’ लिहिलं. भिंतीपलीकडून घरघर ऐकू येतच होती. मला भीती वाटली आणि संतापही आला. कागद फाडून दुसरा घेतला.

‘जफर, तुझ्या इबादतीच्या आड मला यायचं नाही. तू एकटा बसलास, याचा मलाही अभिमान आहे. पण चाचीला बरं नाही. आज फारच बरं नाही. नियम तुला माहीत, मला नाही. तू ठरवशील ते बरोबर. मी बाहेर गाडीपाशी आहे.’

असरची, दुपार कलल्यावरची नमाज झाल्यावर लगेच डबा दिला. पडद्याआड कागद उलगडला. मी बाहेर गाडीपाशी जाऊन थांबलो.

जफर बाहेर आला तो पांढराफटक.

“तुटला ना बे?” मी विचारलं.

“एका दिवसाची कजा करा लागते. रोजा ठेवून फिरून बसीन. अशा टायमाले गुनाह नाही.” तो मागे बसला. “काहून नाही सांगतलं कोणी मले? चाल!”

गल्ली शांत होती. दारात चार बायका उभ्या होत्या, त्यांनी आम्हाला पाहून पदर तोंडाला लावला.

चाचीने डोळे उघडले. “कायको आया रे?” ती रागावली. तेवढाच जीव उरला होता तिच्यात. रागावतानाच तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. तो तसाच जमिनीवर बसून राहिला.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली. मनगट सोडवायला नको म्हणून शगुफ्ताभाभीने खजूर त्याच्या तोंडात घातला. तो चावायचा थांबला. चाचीचा हात अजून तिथेच होता, पण पकड गेली होती.