सारंगच्या नावाचे चौकोन

मंगल कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर नवरा-नवरीची नावं, पाहुण्यांचं स्वागत, लाल बदाम असं काही ना काही फिरत असायचं. तो प्रोग्रॅम रोहिणीनं लिहिला होता. काम आणलं होतं तिच्या भागीदारानं, सारंगनं. पुढं त्यानं मालक किशनरावांना सांगितलं, "ती निस्ती टायपिंग करती, मामा. डोकं समदं माझं हाय." काम एकट्याच्या नावावर करून घेतलं आणि परभणीभर तेच बोलत फिरला.

रोहिणी भांडली नाही. पण विसरलीही नाही.

बुद्धभूषण आणि राजेश्रीच्या लग्नादिवशी सकाळी किशनरावांचा फोन आला. "पोरी, लवकर ये. पडद्यावर निस्ते डबे दिसायलेत!"

सारंगनं आदल्या दिवशी पडद्यामागचा छोटा कॉम्प्युटर बदलला होता. आता नावांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग होती. तारखेचे इंग्रजी आकडे तेवढे नीट. सारंग घामाघूम होऊन प्रोग्रॅममध्ये फॉन्टची नावं बदलत बसला होता.

"बघ ना जरा," तो हळूच म्हणाला.

"मी तर टायपिंगवाली." रोहिणीनं हाताची घडी घातली. "हे कुणी बनवलं, मामांना सांग. मोठ्यानं."

फाटकाशी वऱ्हाडाच्या गाड्या लागायला लागल्या. सारंगनं मान खाली घातली. "हिनंच, मामा. मी खोटं बोललो."

तेव्हा कुठं रोहिणीनं पेनड्राइव्ह लावला. "मजकूर शाबूत हाय, मामा. एका फॉन्टमधी अक्षर नसलं की मशीन दुसऱ्यात हुडकते. कुठंच सापडलं न्हाई तर चौकोन काढते. ह्यानं नव्या मशीनवर माझा प्रोग्रॅम नेला, फॉन्ट न्यायचे राहिले. निस्तं नाव बदलून काय व्हतंय?"

तिनं आधी मराठीचा फॉन्ट टाकला, मग इमोजीचा, आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. नावं उमटली, बदाम लाल झाले. खाली एक ओळ मात्र चौकोनांचीच राहिली.

"अन् ते काय?" किशनरावांनी विचारलं.

"सारंगची जाहिरात, त्याच्या नावाची. मोबाइलवरून नक्षीदार अक्षरं उचललीत त्यानं. दिसायला इंग्रजी, पण मशीनला ती निराळीच चिन्हं. त्यांना निराळा फॉन्ट लागतो."

"तुझ्याकडं हाय ना तो?" सारंगनं विचारलं.

"हाय."

तिनं पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला. कार्यालय भरत आलं होतं. ती ओळ काढायला पडदा बंद करावा लागला असता, आणि सगळ्यांसमोर आता त्याला तो बंद करता येईना.

लग्न लागेपर्यंत रोहिणी पहिल्या रांगेत बसली. ती ओळ फिरून आली की मागं वळून सारंगकडं बघायची. जेवताना किशनराव शेजारी येऊन बसले. "उद्यापासून पडदा तूच सांभाळ."

"सांभाळते," ती म्हणाली. "आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या ते चौकोन."