खुर्चीखाली सरकलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे, आणि माझा स्वभाव चांगला नाही. मित्रांनो, हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी तुम्ही म्हणायला नको की फसवलं.

लाकडी मूठ, आठ काड्या, काळं कापड. आधी मी वडिलांची होते, ते गेल्यावर मुलाकडे आले. हा मुलगा आता एकोणचाळीस वर्षांचा. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून कवळ्या घडवतो. मला जपायचा. ओली असले तर उघडून वाळवायचा, सांध्यांना तेल द्यायचा. मी मात्र बसमध्ये लोकांच्या पिशव्यांत काड्या अडकवून मजा बघायचे.

एका शनिवारी तो मला घेऊन एका बाईला भेटायला गेला. दोघांची ओळख ताईने, म्हणजे त्याच्या बहिणीने, करून दिली होती. बाई दुकानादुकानांतून वजनकाटे तपासायची. कॉफी आली आणि आमच्या साहेबांनी कवळीचं मेण कसं वितळवतात ते वीस मिनिटं सांगितलं. तिने दोनदा घड्याळ बघितलं. मग ती म्हणाली, "मी दुकानात शिरले की तपासते काटा मालाचा, पण पोट आत घेतो दुकानदार." तो खळखळून हसला, तीही हसली. पन्नास मिनिटांत ठिणगी म्हणावी अशी एवढीच.

मला वाटलं, गाडी ढकलावी जरा. उठताना मी हळूच तिच्या खुर्चीखाली सरकले. छत्री राहिली की पुन्हा भेट ठरलेली. केवढी हुशार मी.

तो बस पकडून गेला, तिने मला उचलून घरी नेलं. दारामागे टांगलं. तिच्या आईने विचारलं, "कसा आहे?"

"ठीक. फार बोलतो दातांबद्दल."

"मग नाही म्हणून टाक."

"थांब गं. पहिल्या भेटीत माणूस नव्या कवळीसारखाच असतो, टोचतो. त्याने बोलावलं तर एकदा जाईन."

हे मी ऐकलं आणि आनंदाने थोडी उघडलेच.

रविवार गेला. सोमवार गेला. आईने दोनदा विचारलं, "आला का मेसेज?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. मंगळवारी आला. तिने मोठ्याने वाचला: "माझी छत्री तुमच्याकडे राहिली का? वडिलांची आहे. दवाखान्याच्या काउंटरवर ठेवलीत तरी चालेल."

"बाकी काही?" आई म्हणाली.

"बाकी काही नाही. छत्री हवीय त्याला."

बुधवारी तिने मला काउंटरवर ठेवलं. मागच्या खोलीत तो कवळी घासत होता, यंत्राच्या आवाजात त्याला काही कळलं नाही. मधे एक पातळ भिंत होती. मी खाली पडून आवाज केला. काउंटरवरच्या बाईने मला उचलून पुन्हा उभं केलं.

संध्याकाळी ताई दवाखान्यात आली, मला काउंटरवर बघून मागच्या खोलीत गेली. "भेटायचंय असं लिहिलंस का?"

"लिहिलं होतं. मग खोडलं. म्हटलं, छत्रीचं निमित्त आहेच, ती आली की समोरच बोलू."

"आणि काउंटरवर ठेवायला कोणी सांगितलं?"

"तिला त्रास नको म्हणून."

"शहाणा आहेस. अरे, दुसऱ्याच दिवशी दोन ओळी लिहायच्या होत्या. तिच्या बोलण्यातलं एक काही आठवून, दिवस आणि वेळ सांगून. आणि नाही म्हणायला तिला जागा ठेवायची. लोक एवढंच करतात."

त्याने गुरुवारी लिहिलं, ताईला वाचून दाखवून: "मी दातांबद्दल फार बोललो. तुमच्या पोट आत घेणाऱ्या दुकानदारावर मी बसमध्येही हसत होतो. शनिवारी चार वाजता नदीकाठी चालायला याल का? नको असेल तर तसं सांगा, चालेल."

शुक्रवारी उत्तर आलं. "हे रविवारी आलं असतं तर आले असते. मधे मला वाटलं, विषय छत्रीचाच होता, आणि मीही मन काढून घेतलं. आता नको. काळजी घ्या."

त्याने ते ताईला वाचून दाखवलं. मग लिहिलं, "स्पष्ट सांगितलंत, आभार." त्यानंतर एक अक्षर नाही. ताई म्हणाली, "हे तरी बरोबर केलंस."

मित्रांनो, आता तो मला बाहेर नेत नाही. टाकतही नाही, वडिलांची आहे ना. दारामागे टांगून ठेवलंय. सांध्यांना गंज चढलाय, एक काडी कापडातून बाहेर आलीय. परवा तो भिजून आला, माझ्याकडे बघितलं आणि टॉवेल घ्यायला गेला.

एवढंच मागणं. घरात जुनी छत्री असेल तर वाळवा, तेल द्या. आणि कोणाला पुन्हा भेटावंसं वाटलं तर माझ्याआडून बोलू नका. मी पावसापुरतीच आहे.