दाखवायचं की द्यायचं

मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मला मनापासून आवडायचं. खोटं कशाला बोलू. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोरं यायची, आणि अर्ध्या तासात त्यांचा चेहरा उतरवून मी त्यांना खाली पाठवायचो. नव्व्याण्णव साल होतं. सी प्लस प्लस येतं असं प्रत्येकजण सांगायचा. येत कोणालाच नव्हतं.

आम्ही कारखान्यांसाठी प्रोग्रॅम करायचो. टाक्यांचं तापमान यंत्राकडून वाचायचं, पडद्यावर दाखवायचं, साठ अंशांच्या वर गेलं की सायरन वाजवायचा. हा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझा. आंबिवलीच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात तो वर्षभर चालू होता. मार्चमध्ये तिथली एक टाकी दुपारच्या पाळीत तापून उतू गेली आणि सायरन वाजला नाही. पाळीवर पोपट नावाचा एकोणीस वर्षं नोकरी झालेला ऑपरेटर होता. तो म्हणाला, सायरन वाजलाच नाही. मी ऑफिसातल्या मशीनवर शंभर वेळा चाचणी घेतली, शंभर वेळा वाजला. मग मी कंपनीच्या कागदावर लिहून दिलं की सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, सायरन जागेवर बंद केला असण्याची शक्यता आहे. पोपट निलंबित झाला. त्याची चौकशी एका शुक्रवारी संपायची होती आणि त्यात मुख्य पुरावा माझं पत्र होतं.

हे आधी सांगितलं, कारण त्याच आठवड्यात सोमवारी शेवंती नाखवा मुलाखतीला आली तेव्हा मला यातलं काहीही आठवत नव्हतं.

चोवीस-पंचवीस वर्षांची, चेंदणी कोळीवाड्यातली. अर्ज बघत मी विचारलं, "वडील काय करतात?"

"खाडीत मासे होते तोवर मासेमारी. आता म्युनिसिपालिटीत आहेत."

"आणि तुम्ही थेट सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगमध्ये."

"थेट नाही सर. डिप्लोमा, मग डोंबिवली एमआयडीसीत तीन वर्षं. वजनकाट्यांचा कोड लिहायचे." आवाज शांत होता. मला तो उर्मट वाटला.

मी पेपर पुढे सरकवला. दहा प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर माझ्या ड्रॉवरमधल्या कागदावर. हा पेपर मीच सहा वर्षांपूर्वी काढलेला आणि अधूनमधून वाढवलेला. तिसरा प्रश्न नेहमीचा: आय पाच आहे, एकाच प्रिंटमध्ये आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय छापले, तर काय दिसेल? माझं उत्तर होतं, सहा सहा. तिने लिहिलं होतं, 'सांगता येणार नाही. अनडिफाइन्ड बिहेवियर.'

"हे काय?"

"एकाच आयला एकाच विधानात दोनदा बदललंय. मधे कुठेही क्रम ठरवून दिलेला नाही. भाषेचे नियम म्हणतात, यापुढे काय होईल याची हमी आम्ही घेत नाही."

"मी कॉम्प्युटरवर चालवून बघितलंय. सहा सहा येतं."

"तुमच्या कंपायलरवर येत असेल सर, दुसऱ्यावर वेगळं येईल."

"मग तेच लिहायचं ना! पेपर कोणाचा आहे?"

मी तांबड्या पेनाने शून्य दिलं, जरा जोरातच. कागद फाटला.

सातवा प्रश्न मेमरीच्या मालकीचा होता. ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोग्रॅमला जागा लागली की मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची. परत करायला विसरलात तर गळती. दोनदा परत केलीत तर बोंब. आणि परत केल्यावरही तिथेच वाचत बसलात, तर काय वाचाल ते कोणी सांगू शकत नाही. ही कटकट नको म्हणून ऑटो पॉइंटर नावाची सोय नवीन आली होती. तो त्या जागेचा मालक होतो आणि स्वतः संपताना जागा आपोआप परत करतो. ही सोय मला ठाण्यात सगळ्यात आधी कळली, असा माझा समज होता.

प्रश्नात तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीत तापमानाचं वाचन तयार करून ऑटो पॉइंटरच्या ताब्यात दिलेलं. दुसऱ्या ओळीत तो पॉइंटर 'शो' नावाच्या फंक्शनला पाठवलेला, ते पडद्यावर आकडा छापतं. तिसऱ्या ओळीत त्याच पॉइंटरमधून तापमान वाचून, साठच्या वर असेल तर सायरन. वाचन एकाहत्तर आहे. सायरन वाजेल का? माझं उत्तर, वाजेल.

शेवंतीने पेन खाली ठेवलं. "हे फंक्शन चुकीचं आहे सर. नाव 'शो' आहे, पण काम 'गिव्ह'चं करतंय. दाखवायचं होतं, देऊन टाकलंय."

"म्हणजे?"

"ऑटो पॉइंटरची कॉपी म्हणजे कॉपी नसते. शोकडे कॉपी गेली की मालकीही तिच्याबरोबर गेली. शो संपताना त्याने जागा परत करून टाकली. तिसरी ओळ वाचतेय ते आपलं राहिलेलंच नाही."

"पॉइंटरमध्ये त्या जागेचा पत्ता असतो अजून. प्रोग्रॅम मधेच थांबवून मी डीबगरमध्ये बघितलाय."

"तुमची लायब्ररी जुन्या मसुद्याची असेल. तिच्यात पत्ता तसाच राहतो, नुसती मालकी जाते. नव्या नियमात मूळ पॉइंटर रिकामा होतो. तसा झाला असता तर बरं होतं. पहिल्याच दिवशी कोसळला असता आणि कळलं असतं."

"पण वाजतो! तुला कळतंय का मी काय सांगतोय ते? शंभर वेळा वाजतो!" मी एकेरीवर आलो होतो.

"एकच यंत्र जोडलेलं असेल तर वाजत राहील. परत केलेल्या जागेत जुना आकडा पडून असतो, तोपर्यंत तिथे कोणी दुसरं लिहीत नाही. सात-आठ यंत्रं एकदम वाचत असतील तर ती जागा लगेच दुसऱ्या वाचनाला मिळेल. मग टाकी एकाची आणि तापमान भलत्याचं."

आंबिवलीला आठ यंत्रं होती. माझ्या टेबलावर एक.

त्या तीन ओळी मी माझ्याच प्रोग्रॅममधून उचलून पेपरात घातल्या होत्या, नवीन पोरांना माझी हुशारी दिसावी म्हणून.

"तरी उत्तर काय लिहू?" मी म्हणालो. "वाजेल की नाही? एक शब्द."

"एक शब्द नाही सर."

"मग शून्य."

"तिसऱ्या ओळीत शून्यही वाचलं जाऊ शकतं," ती म्हणाली. चेष्टा करत नव्हती, खरंच तसं होतं. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, हेही सांगून टाकतो.

उठताना ती दारात थांबली. "हा कोड कुठे चालू आहे का? असेल तर तिथल्या माणसांना सांगा. शोच्या कंसात पॉइंटरच्या नावाआधी एक अँडची खूण टाकली तरी पुरे. मग कॉपी होत नाही, मालकी इकडेच राहते."

"पेपरचा प्रश्न आहे तो," मी म्हणालो. "कुठेही चालू नाही."

ती गेल्यावर मी माझ्या मशीनवर आठ खोटी यंत्रं उभी केली आणि प्रोग्रॅम चालू केला. सगळ्यांना अंशांचे निरनिराळे आकडे दिले, एकाला एकाहत्तर. अकराव्या मिनिटाला पडद्यावर एकाहत्तर दिसला आणि सायरन गप्प राहिला. मी पुन्हा चालवला. सतराव्या मिनिटाला पुन्हा तेच.

आमचे मालक त्र्यंबकराव चहाचा कप घेऊन आत आले. "काय हरिहर, कोळ्यांची पोरगी कशी आहे? घ्यायची का?"

आमच्याकडे एक पद्धत होती. घेतलेल्या उमेदवाराचा पेपर फाइलला लागायचा आणि त्र्यंबकराव तो स्वतः वाचून सही करायचे. नाकारलेल्यांचे पेपर फाडून टाकायचे. शेवंतीने सातव्या प्रश्नाखाली सगळं लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात, बाणाने ओळी दाखवून. आंबिवलीचा कोड त्र्यंबकरावांनीही पाहिला होता.

"नको," मी म्हणालो. "उत्तरं देत नाही. प्रत्येक गोष्टीला सांगता येणार नाही म्हणते."

"मग काय उपयोग," ते म्हणाले आणि गेले.

मी पेपर फाडला. आधी दोन तुकडे, मग चार, मग बोटात धरता येईनात इतके बारीक. तिला काम येत होतं, माझ्यापेक्षा जास्त येत होतं, आणि म्हणूनच मी तिला घेतलं नाही. मग शोची ओळ उघडून ती एक खूण टाकली. आठ यंत्रांवर संध्याकाळपर्यंत चालवलं, एकदाही चुकलं नाही. बदलांच्या वहीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा. ह.' मला वाटलं, निदान पुढचं तरी सुधारलं.

शुक्रवारी सकाळी फ्लॉपी घेऊन आंबिवलीला गेलो. चौकशी अकराला होती, त्याआधी नवीन व्हर्जन टाकून यायचं असा हिशोब. टाकलंही. निघणार तोच कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर पोपटला घेऊन कंट्रोल रूममध्ये आले, बरोबर युनियनचा देवराम. पोपट मला पहिल्यांदाच दिसत होता. बुटका, इस्त्रीचा शर्ट घातलेला, पायात कारखान्याचेच बूट.

"बरं झालं साहेब, तुम्हीच आलात," देवराम म्हणाला. "आमचं मागणं एवढंच हाय, समद्यांसमोर एकदा वाजवून दाखवा. आठी यंत्रं चालू ठेवून."

"काही बदललंय का यात?" ऑफिसरने विचारलं.

बोलायची जागा हीच होती. एक वाक्य पुरलं असतं. माझं पत्र, माझं नाव, त्र्यंबकरावांचा चेहरा, सगळं डोळ्यापुढे आलं.

"विशेष काही नाही," मी म्हणालो.

आठही यंत्रं चालू ठेवून मी तिसऱ्या टाकीला एकाहत्तर दिलं. सायरन वाजला, कान किटतील असा. ऑफिसर म्हणाले, आणखी एकदा. वाजला. देवरामच्या सांगण्यावरून दहा वेळा वाजवला, दहाही वेळा वाजला. मग देवराम पोपटकडे बघायचा थांबला.

पोपट सायरनच्या पेटीकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला आणि नम्रपणे म्हणाला, "साहेब, मला तर वाजल्याचं आठवत नाही. पण मशीन खोटं कशाला बोलेल? मीच बंद केलेला असंल."

मी फ्लॉपी काढून खिशात ठेवली.