खालची कणसं

माझ्या हातचं भाजलेलं कणीस खाऊन आजवर कुणी नाव ठेवलं न्हाय. ह्याच हातानं माझ्या मक्याचं बियाणं गेलं, म्हणून सांगाय बसले.

बाहत्तरचं साल. सास्तूरकडच्या आमच्या गावात आभाळ नुसतं बघून जायचं. जोंधळा गुडघ्याएवढा झाला आन् करपला. हिरवं म्हणाल तर आमच्या परसातली मक्याची तीस ताटं, बस. पांढरा मका, बाजारात मिळत न्हाय असला. सासूबाईंनी लग्नात माहेरून ओटीत आणलेला. त्या गेल्या, मका राह्यला. भांडी धुतलेलं पाणी, हातपाय धुतलेलं पाणी, सगळं म्या त्या ताटांच्या बुडाला घातलं.

ताटाला दोन कणसं येतात. वरचं भरदार, खालचं मागनं येणारं आन् बारीक. वरची म्या बियाला राखली होती. दाण्यात नख शिरत नव्हतं, पर पाला अजून हिरवाच होता. पंधरा दिवस ताटावर वाळली की काढायची, चुलीवर टांगायची. ती गेली तर वाण गेला, एवढं घरात सगळ्यांना ठावं होतं.

त्यात साहेब आले. गावानं पाण्याची सोसायटी काढली होती. विहीर खोल करायची, इंजिन बसवायचं. मंजुरी त्या साहेबांच्या सहीवर. आमच्या पिंपळाखाली खुर्च्या टाकल्या. साहेबांनी परसाकडं बघितलं आन् म्हणाले, "ह्या दुष्काळात मका? वा."

झालं. सोसायटीचे चेअरमन महांतप्पा माझ्याकडं वळले. "पार्वतम्मा, साहेबांना दोन कणसं भाज की."

न्हाय म्हणायची सोय होती का? अख्खं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. तान्ही लेकरं घेऊन दोन कोस पाण्याला जाणाऱ्या बाया होत्या त्यात.

म्या मनाशी म्हणलं, खालची काढू. केस नुकते काळपटले होते, नख दाबलं की दूध येत होतं. दाणे विरळ, पर कोवळे. तशी चार मोडली. बियाला धक्का न्हाय.

रुद्रम्मा, माझी थोरली जाऊ, शेगडीपाशी येऊन बसली आन् हळूच म्हणाली, "पारू, जाळून टाक. जाळात धर, वरून काळं आन् आत कच्चं ऱ्हाईल. एक घास खातील आन् उठतील. चांगलं भाजलंस तर आणखी मागतील बघ."

"व्हय अक्का," म्या म्हणलं. आन् खरंच जाळायचं ठरवलं होतं, शप्पथ.

पर बाभळीचे कोळसे पेटले, धूर सरला, निखाऱ्यावर राखेची पांढरी साय आली आन् माझा हात त्याच्या वळणावर गेला. जाळ बसल्याशिवाय कणीस ठेवायचं न्हाय, हे सासूबाईंनी हातात घातलेलं. निखाऱ्यापासून चार बोटं वर धरलं. एक बाजू जरा पिवळी पडली की पाव फेर द्यायचा, मग परत पाव. टोकाला दाणे बारीक, ते लवकर करपतात, म्हणून टोक बाहेरच्या अंगाला. घाई केली की आतलं दूध कच्चं राहतं आन् लई वेळ ठेवलं की दाणा सुकतो. तडतड सुरू झाली. एकदोन दाणे फुटले. दुधाळ रंग जाऊन दाणा मेणासारखा चकाकला, मग त्यावर तांबूस ठिपके आले, आन् गोड वास पिंपळापतोर गेला. नखानं दाबलं तर दूध आलं न्हाय, मऊ गर लागला. झालं होतं कणीस.

रुद्रम्मानं कपाळावर हात मारला. "अगं बाई, हे काय केलंस?"

"हात ऐकंना, अक्का." दुसरं काय सांगणार होते?

मीठ-तिखट लावून दिलं. साहेबांनी एकेक दाणा टिपून खाल्ला. "असलं कणीस आयुष्यात खाल्लं न्हाय," म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं का बोलू. तेवढ्यात ते ड्रायव्हरला म्हणाले, "मल्लिनाथ, घरी चार न्यायला पाहिजेत."

मल्लिनाथ परसात शिरला. जाडजूड बघून वरची मोडाय लागला. कडाकड आवाज यायला लागला, त्याला चार कुठली पुरतात.

मी धावले. "अहो, ती निबर हायेत. ती भाजून मऊ व्हायची न्हाईत. बियाची हायेत ती."

"मोठी दिसतात की," तो म्हणाला.

मी साहेबांकडं गेले, पदर सावरून हात जोडले. "साहेब, खालची घ्या, मी भाजून देते सगळी. वरची खायला चांगली लागत न्हाईत." साहेब हसले. त्यांना वाटलं, मी कोती झाले. महांतप्पांनी मान खाली घातली आन् जीपमधल्या कणसांच्या पोत्याकडं बघून म्हणाले, "जाऊ दे, पार्वतम्मा. पाण्याचं काम हाय." माझे मालक परसाच्या दारात उभे होते. त्यांनी बाजूला सरून मल्लिनाथला वाट दिली. जीप गेली तेव्हा तीस ताटांवर एकही वरचं कणीस नव्हतं. राह्यलेल्या खालच्या कणसांत अजून दूधच होतं, आन् बुडातनं हलवलेली ताटं आठ दिवसांत वाळून गेली. त्या दाण्यांच्या नुसत्या सुरकुत्या झाल्या.

पंधरवड्यानं मल्लिनाथ मंजुरीचा कागद घेऊन आला. म्या त्याला गाठलं. एखादं कणीस तरी उरलं का, इचारलं.

तो ओशाळला. "बाईसाहेबांनी सगळी ग्यासवर ठेवली, अक्का. मोठा जाळ केला, वरून कोळसा आन् आत दगड. तुमचं कणीस लई वाईट म्हणल्या. गाईला टाकायला सांगितलं, गाईनं खाल्ली. त्यातलंच एक भाजलेलं, नेताना माझ्या सीटखाली राह्यलं."

ग्यास म्हणजे काय ते मला तेव्हा ठावं नव्हतं. जाळ किती, धरलं किती लांबून, फिरवलं का, हे म्या इचारलं. "कोण फिरवत बसतंय," तो म्हणाला. "चपात्या लाटता लाटता एका अंगावर ठेवून दिलं."

त्यानं ते कणीस आणून दिलं. एक बाजू काळी ठिक्कर, दुसरी पांढरी. कणीस न फिरवणाऱ्यावर मी जन्मात पहिल्यांदा खूश झाले. पांढऱ्या बाजूचे एकसष्ट दाणे काढले, माझ्या प्यायच्या पाण्यात फडकं भिजवून त्यात बांधले, चुलीपासून लांब ठेवले. रोज ओल बघायचे. सहाव्या दिवशी गाठ सोडली. दाणे फुगून आंबले होते, मोड एकाला न्हाय. एका अंगानं लागलेली धग दुसऱ्या अंगाला पोचतेच, हे मला ठावं होतं. तरी बांधले होते.

पुढच्या वर्षी विहिरीला पाणी लागलं. इंजिन आलं. सोसायटीनं सरकारी पोत्यातलं पिवळं बी वाटलं, आमीही पेरलं. पाणी भरपूर, मका माणसाएवढा. साहेब नारळ फोडायला आले आन् खुर्चीवर टेकताच म्हणाले, "ती पांढरी कणसं होऊन जाऊ द्या."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. म्या शेगडी पेटवली. राखेची साय येऊ दिली, चार बोटं वर धरलं, पाव पाव फेर दिला.

साहेबांनी दोन दाणे खाल्ले आन् म्हणाले, "छान हाय, पर ती चव न्हाय."

"व्हय साहेब," म्या म्हणलं, आन् दुसरं कणीस निखाऱ्यावर धरलं.