सायकलच्या चेनचं गाव

टाचणीला भूगोलाच्या त्या प्रश्नाला दहापैकी दहा गुण मिळाले आणि विभागातली एकुलती एक जागाही मिळाली. पण असं काही झालंच नाही असं समजून पुढं जाऊ या. घरात सगळे असंच काहीतरी समजून चाललेत.

टाचणी आत्याकडे राहायची. अंगानं बारीक आणि बोलली की टोचायची, म्हणून टाचणी. आतेबहीण तिच्याच वर्गात होती. सहा महिन्यांनी मोठी, पण त्या सहा महिन्यांच्या जोरावर स्वतःला ताई म्हणवून घ्यायची. खोली ताईची, कपाट ताईचं, खिडकीसुद्धा ताईच्या बाजूची. टाचणीची घडीची खाट आणि टेबलाचा एक कोपरा. पुढच्या वर्गासाठी भूगोल विभागात एकच जागा होती, आणि तिच्यासोबत वसतिगृहात स्वतंत्र खोली. भूगोलात ज्या मुलीला जास्त गुण, ती जाणार. टाचणीला भूगोलापेक्षा त्या खोलीच्या दाराची कडी जास्त प्रिय होती, कारण ती आतून लागणार होती.

धडा होता नागरीकरण आणि स्थलांतराच्या प्रारूपांचा, चव्वेचाळीस पानांचा. सर वर्गात सांगायचे, "नाव न दिलेली रेघ म्हणजे ओरखडा. आणि उदाहरण नसलेली आकृती म्हणजे रांगोळी. ओरखड्याला आणि रांगोळीला मी गुण देत नाही."

म्हणून टाचणीनं चव्वेचाळीस पानं सहा कागदांवर आणली. बर्जेसची पाच वर्तुळं तिनं नाणं, बाटलीचं झाकण, वाटी, बशी आणि ताट ठेवून काढली: मध्ये व्यापारी केंद्र, त्याला लागून संक्रमण पट्टा, मग कामगारांची घरं, मग बऱ्या लोकांची, आणि ताटाच्या कडेला रोज ये-जा करणारे. हॉइटचं शहर कापलेल्या केकसारखं. रेल्वेच्या कडेनं कारखान्यांची फोड, तिला चिकटून गरिबांची, श्रीमंतांची फोड शक्य तितकी लांब. ली या अभ्यासकाच्या कागदावर दोन गोल, एक मूळ स्थानाचा, एक मुक्कामाचा, दोन्हीत अधिक, उणे आणि शून्याची चिन्हं, मध्ये अडथळ्यांचे डोंगर. मूळ स्थानाच्या गोलात उणे चिन्हं काढताना तिचा हात जरा जास्तच सुटला. पाचवा कागद स्टाउफरचा: माणसं दूरच्या शहराकडे निघतात, पण वाटेत संधी मिळाली की तिथंच उतरतात. एका टोकापासून जाड बाण, मध्ये छोटी गावं, प्रत्येक गावानंतर बाण बारीक. खाली उदाहरण.

चौथ्या दिवशी पाचवा कागद तिसऱ्याच्या वर होता.

"माझ्या कागदांना हात लावलास?" टाचणीनं विचारलं.

"तुझ्या त्या ताटवाट्यांना? मला काय स्वयंपाक करायचाय?" ताई म्हणाली.

एवढं झटपट उत्तर निर्दोष माणूस देत नाही, असं टाचणीला वाटलं. दुसऱ्या दिवशी ताई उशिरा उत्तर देऊन बघेल का, म्हणून तिनं पुन्हा विचारलं. ताई उशिरा बोलली. ते तर आणखीनच संशयास्पद होतं.

मग टाचणीनं सापळा लावला. स्टाउफरचा खरा कागद गादीखाली घातला आणि टेबलावर नवीन ठेवला. आकृती बिनचूक, पण उदाहरण बनावट: एक गाव, जे जगात कुठंच नव्हतं. त्याचं नाव इथं देत नाही, उगाच कुणीतरी तिथं बदली मागायचं. लोकसंख्या एक्केचाळीस हजार सातशे तीस, सायकलच्या चेनचा कारखाना. महानगराकडे निघालेले लोक या कारखान्यापाशी उतरतात आणि परत बसमध्ये चढत नाहीत. ताईच्या उत्तरपत्रिकेत हे गाव निघालं, की चोर पकडला.

सापळा हलला का हे पाहायला टाचणी दिवसातून दहा वेळा टेबलापाशी जायची, आणि दर वेळी कागद वाचून काढायची. कागद रोज थोडा हललेला असायचा. गादीखालचा खरा कागद मात्र तिनं एवढा नीट लपवला होता, की परीक्षेपर्यंत तो काढायचं तिला सुचलंच नाही.

आता परीक्षेत काय झालं असेल ते सांगायला नको. प्रश्न आला: मधल्या संधींचं प्रारूप आकृती व योग्य उदाहरणासह स्पष्ट करा. टाचणीनं आकृती काढली, नावं दिली, आणि उदाहरण आठवू लागली. डोक्यात एकच गाव होतं. त्याचा बसथांबा दिसत होता, कारखान्याचा भोंगा ऐकू येत होता. खरं गाव म्हणून काहीतरी होतं एवढंच आठवत होतं. गादी आठवत होती, गाव नाही. घंटेला सात मिनिटं होती. तिनं लिहून टाकलं.

सरांनी तिचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं आणि शेरा दिला: "उदाहरण अत्यंत समर्पक." ताईनं पुस्तकातलं खरंखुरं गाव लिहिलं होतं. तिला आठ.

दोन गुणांनी जागा गेली तशी ताई ग्रंथालयात जाऊन बसली. संध्याकाळी परतली ती जनगणनेच्या खंडाची धूळ अंगावर घेऊनच.

"टाचणे, गाव कुठंय?"

"कुठलं?"

"चेनवालं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितलं. नाहीये."

"लहान असेल."

"एक्केचाळीस हजार माणसं गं! ती काय मुंज्यासारखी पिंपळावर बसलीत का?"

आत्या भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अगं आहे की ते गाव. मी उतरलेय तिथं. बसथांब्याच्या मागंच कारखाना. चहा अगदी पांचट."

टाचणीनं आत्याकडे पाहिलं. "तुला कसं माहीत कारखाना आहे ते?"

"तुझ्या कागदावर वाचलं ना. दुपारी टेबल पुसताना रोज वाचते. वाचता वाचता आठवलं, की मी गेलेय."

म्हणजे चोर कुणीच नव्हतं. एक वाचक मात्र होती, आणि ती आता साक्षीदार झाली होती. टाचणीला ताईची माफी मागावीशी वाटली. पण माफी मागायची तर सापळा सांगावा लागणार, आणि सापळा सांगितला की दाराची कडी गेली. तीही आत्याबरोबर भाजी निवडू लागली.

ताईनं लेखी तक्रार केली. सरांनी दोघींना बोलावलं. टाचणीला वाटलं, संपलं. पण सरांनी ती आकृती आधीच खालच्या वर्गाच्या फळ्यावर काढली होती, आणि आपण त्या गावाला सहल घेऊन गेल्याचंही सांगून टाकलं होतं.

"गाव आहे," सर ताईला म्हणाले. "आहे का, हा प्रश्नच नाही." मग टाचणीकडे वळले, पण नजर फळ्यावर ठेवून. "फक्त विभागप्रमुखांना गावाच्या नोंदीचा सरकारी कागद हवाय. शुक्रवारपर्यंत. नसेल तर जागा तुझ्या बहिणीची."

"सर, तुम्ही गेला होतात ना? एखादा फोटो?" टाचणीनं विचारलं.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं सरांकडे. दोघांनाही एकमेकांचा दाट संशय आला, आणि दोघांनीही तो खिशात घातला.

घरी येऊन टाचणीनं कोरा कागद घेतला. ताई खिडकीपाशी बसून त्या कागदाकडे बघत होती. अगदी उघडपणे.

प्रति, माननीय जनगणना आयुक्त यांस.

विषय: एका गावाची नोंद राहून गेल्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सोबतच्या आकृतीत बाणाच्या मध्यावर दाखवलेले गाव मागील जनगणनेच्या तारखेपासून अस्तित्वात असल्याचे मानण्यात यावे, त्याची लोकसंख्या एक्केचाळीस हजार सातशे तीस धरण्यात यावी व एवढी माणसे इतर गावांतून समप्रमाणात वजा करण्यात यावीत. कारखाना नंतर उभारला तरी चालेल. सदर गावाच्या अस्तित्वाची एक साक्षांकित प्रत शुक्रवारी कार्यालयीन वेळेत मिळावी, ही नम्र विनंती.