तात्यांचं खाकरणं

माझे सासरे तातेराव शेळीपालनाचे व्हिडिओ करतात आणि मी ते टेंभुर्णीत घरी बसून एडिट करते. पडद्यावर नुसत्या शेळ्या दिसतात, तात्यांचा फक्त आवाज असतो. प्रत्येक व्हिडिओखाली एकच तक्रार यायची: बोलणं ऐकायला आवाज वाढवावा, तर मधलं गाणं कानठळ्या बसवतं. मी तर बोलणं, गाणं आणि शेळ्यांच्या क्लिपा, सगळ्यांच्या आवाजाच्या लाटांची सगळ्यात उंच टोकं पडद्यावर एकाच रेषेला टेकवली होती. मंग चुकत होतं कुठं? दोन दिवस डोकं चालेना.

शेवटी तात्यांच्या आवाजाची लाट पडद्यावर मोठी करून पाह्यली. दर वाक्याआधी ते जोरात खाकरत होते. रेषेला टेकत होतं ते खाकरणं, बोलणं पार खाली राहून जात होतं. मी सगळं खाकरणं कापलं. मंग टोकांचा नाद सोडून सरासरी आवाज मोजला आणि तिन्ही एकाच आकड्यावर आणले.

सासूबाईंनी टीव्हीवर पूर्ण व्हिडिओ पाह्यला. रिमोटला एकदाही हात लावला न्हाई. मी खूश होते.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "आवाज बराबर हाय. पण हे तर न्हाईत वाटत. कोण बोलून राह्यलं?"