खवटलेला नारळ

सासूबाईंचं नाक म्हणजे काय विचारता! तीन गल्ल्या पलीकडे दूध करपलं तरी त्यांना घरबसल्या कळायचं, असं त्या स्वतःच सांगायच्या. गेल्या महिन्यात जबर सर्दी झाली, तेवढीच काय ती नाकाला सुट्टी.

सुनेने फ्रीझर उघडला. नारळाचे तुकडे ताटात सुटे गोठवून मगच पिशवीत भरले होते, तरी ते एकमेकांना चिकटले होते. खवलेल्या नारळाचा तर दगड झाला होता. म्हणजे मध्ये वीज गेली, सगळं वितळलं आणि पुन्हा गोठलं.

गार नारळ वास लपवतो, हे सासूबाईंनीच तिला शिकवलं होतं. तिने चिमूटभर नारळ तळहातावर कोमट केला. साबणासारखा आंबूस, खवट वास आला. रंगही पिवळट होता.

"आई, हुंगून बघा."

सासूबाईंनी तळहात नाकाशी धरला, जरा जास्तच वेळ. "छान गोड आहे की. घाल आमटीत."

नारळ टाकायला सून मागच्या अंगणात गेली, पण मनात एकच घोळत होतं: रोज दिवसभर या घरात एकट्या असतात.

परतली तर दारातच दुसराच वास. दूध उतू जाऊन गॅसची शेगडी विझली होती, बटण चालूच होतं. सासूबाईंनी लायटर उचलला होता.

"आई, तो खाली ठेवा. हळूच."

सासूबाई हसल्या. "आता कसला वास आला बाई तुला?"